चौकटीखालचा भुसा

खिडकीच्या चौकटीखाली एक दिवस चिमूटभर भुसा दिसतो. झाडून टाकला की दोन-तीन दिवसांत तिथेच पुन्हा तेवढाच जमतो. घरात सुतारकाम चालू नसेल, तर बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘वाळवी’. पण असा मोकळा, हलका भुसा बाहेर टाकणं हे वाळवीचं काम नव्हे. चौकटीत सुतार मुंग्या असण्याची शक्यता जास्त.

सुतार मुंग्या म्हणजे कॅम्पोनोटस या प्रजातीतले मोठे मुंगळे. या प्रजातीत हजारावर जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक जमिनीतच राहतात. काही जाती मात्र लाकडात घर करतात. त्या लाकूड खात नाहीत, नुसतं पोखरतात. त्यांचं पोट भरतं ते किडे आणि माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस यांच्यावर. लाकूड त्यांना राहायला हवं असतं. वाळवीचं नेमकं उलट आहे. लाकूड हेच तिचं अन्न, आणि ते पचवायला तिच्या आतड्यात सूक्ष्मजीव असतात. हा एक फरक पक्का लक्षात ठेवला की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप उलगडत जातात.

मुंगी लाकूड खात नसल्यामुळे कुरतडलेला प्रत्येक कण तिला बाहेर नेऊन टाकावा लागतो. त्यासाठी ती चौकटीच्या सांध्यात किंवा लाकडाच्या चिरेत एक अरुंद फट मोकळी ठेवते. त्या फटीच्या बरोबर खाली ढीग साचतो. तो पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली धरा. रंध्याखालून निघतात तशा बारीक सालपटांसारखे, कमी-जास्त लांबीचे तंतू दिसतील. त्यांच्यात आणखी काही मिसळलेलं असतं, आणि खरी ओळख तीच आहे: मुंग्यांचे तुटके पाय, एखादं डोकं, खाऊन टाकलेल्या किड्यांचे पंख, कोषाची फाटकी सालं. केराची टोपली एकच, त्यामुळे घरातला सगळा कचरा त्याच फटीतून खाली येतो.

जमिनीतून येणारी वाळवी भुसा टाकतच नाही. खाल्लेलं लाकूड तिच्या पोटात जातं, आणि विष्ठासुद्धा वाया न घालवता मातीत कालवून ती बांधकामाला वापरते. म्हणून तिने पोखरलेली फळी बाहेरून धडधाकट दिसते आणि बोटाने दाबली की आत जाते, खाली मात्र एक कण सापडत नाही. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी तेवढी खाली ढीग टाकते, आणि फसगत इथेच होते. पण तो भुसा नसून तिच्या लेंड्या असतात. साधारण एक मिलिमीटर लांबीचे, सगळे जवळजवळ एकाच मापाचे दाणे. भिंगातून प्रत्येकाला सहा बाजू दिसतात. चिमटीत चोळले तर वाळूसारखे खरखरतात आणि कागद तिरका केला की घरंगळतात. मुंग्यांचा भुसा घरंगळत नाही, एकमेकांत अडकून राहतो. पिठासारखी अगदी मऊ पूड पडत असेल, तर ती दोघांचीही नव्हे. तिथे लाकूड पोखरणारे छोटे भुंगेरे असतात.

आतल्या पोकळीचा नुसता आकार पाहून मात्र निकाल देऊ नये. लाकडाच्या वार्षिक वलयांत मऊ आणि टणक थर आलटून पालटून असतात. दोघीही मऊ थर आधी काढतात आणि टणक थरांचे पातळ पडदे मागे ठेवतात. बघायची ती स्वच्छता. मुंग्यांचे बोगदे पॉलिश पेपर मारल्यासारखे गुळगुळीत आणि रिकामे असतात. जमिनीतल्या वाळवीचे बोगदे मातीने लिंपलेले, डागाळलेले असतात.

वाटांचंही असंच आहे. वाळवीची त्वचा नाजूक असते आणि उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून घराच्या पायापासून लाकडापर्यंत ती साधारण पेन्सिलीच्या जाडीची मातीची नळी बांधते आणि तिच्यातूनच ये-जा करते. नळीचा मधला तुकडा मोडून ठेवला आणि काही दिवसांत तो पुन्हा लिंपला गेला, तर आत वाळवी जिवंत आहे. सुतार मुंगीचं कवच टणक असतं, त्यामुळे ती उघड्यावरून बिनधास्त चालते: भिंतीच्या कडेने, वायरवरून, घराला टेकलेल्या फांदीवरून. गवतातून रोजची वाट असेल तर मुंग्या तिथली पाती कातरून चिंचोळी पायवाट करतात. त्यांची खरी वर्दळ अंधार पडल्यावर सुरू होते. दिवसा दिसलेल्या दोन-चार मुंगळ्यांवरून अंदाज बांधला तर तो चुकतोच.

मी जवळून पाहिलेली एक खिडकी सांगतो. ढीग डाव्या खालच्या कोपऱ्याखाली पडत होता. सर्वांत आधी तो झाडून तिथे कोरा कागद अंथरला, कारण जुना भुसा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि मुंग्या कधीच निघून गेलेल्या असू शकतात. दुसऱ्या दिवशीच कागदावर ताजे, फिकट तंतू होते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर चौकट वर घट्ट वाजत होती, कोपऱ्यात पोकळ. ओलावा मोजायच्या यंत्राने वर 11 टक्के दाखवले आणि कोपऱ्यात 24. काचेच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, उकलली होती आणि पावसाचं पाणी तिथून उतरून कोपऱ्यात मुरत होतं. ओल्या लाकडाला बुरशी लागते, ते भुसभुशीत होतं आणि मुंगीच्या जबड्यांचं काम हलकं होतं. कोरड्या, टणक लाकडात त्या सहसा सुरुवात करत नाहीत.

रात्री बॅटरीला लाल कागद लावून बसलो, कारण लाल उजेड मुंग्यांना नीट दिसत नाही. फटीजवळ पुठ्ठ्यावर मधाचे थेंब ठेवले होते. मध पिऊन पोट फुगलेल्या मुंग्या चौकटीत शिरतील असं मला वाटलं होतं. बऱ्याचशा शिरल्याही. पण काही भिंतीवरून बाहेर पडून फांदीवर चढल्या आणि झाडाच्या वठलेल्या, ओलसर बुंध्यात गेल्या.

चौकटीचा खालचा तुकडा काढल्यावर याचा उलगडा झाला. आत कामकरी मुंग्या, मोठ्या अळ्या आणि कोष होते. अंडी नव्हती, राणीही नव्हती. अंडी आणि लहान अळ्या कोरड्या हवेत टिकत नाहीत, म्हणून राणीसह त्या सतत ओलसर असलेल्या मूळ वारुळात राहतात. वसाहत वाढली की मोठी पिल्लं शाखा-वारुळांत हलवली जातात. खिडकी ही अशी शाखा होती. तिथे फवारा मारला असता तर समोर आलेल्या तेवढ्या मुंग्या मेल्या असत्या, वाट मोडली असती आणि बुंध्यातली राणी अंडी घालत राहिली असती. म्हणून फवारा नको असं मी आग्रहाने सांगतो, निदान वाट सापडेपर्यंत तरी.

एक शक्यता तपासायची राहिली होती. वाळवीने सोडून दिलेल्या बोगद्यांत सुतार मुंग्या राहायला येतात, तेव्हा एकाच लाकडात दोघींच्या खुणा मिळतात. काढलेला तुकडा उभा चिरून पाहिला. मातीचा लेप कुठेच नव्हता, सगळे बोगदे स्वच्छ होते.

पोखरलेला भाग कापून नवा, वाळलेला तुकडा बसवला, काचेची लांबी नव्याने भरली आणि भिंतीला टेकणारी फांदी छाटली. बुंधा घरापासून लांब होता, त्याला हात लावला नाही. कागद मात्र तसाच अंथरून ठेवला. पुढचे तीन आठवडे, त्यात दोन मोठे पाऊस होऊन गेले तरी, तो कोरा राहिला.