सळयांच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटची पडताळणी

बांधकामावर आलेल्या सळया ठरलेल्या ग्रेडच्या आहेत का, हे कारखान्याचे प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेतील ताणचाचणी यांच्या आधारे तपासण्याचे काम. भारतात यासाठी आयएस १७८६ हे मानक लागू आहे.

पडताळणीची सुरुवात हीट क्रमांकापासून होते. भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादाला हा क्रमांक मिळतो आणि सर्टिफिकेटवरचे आकडे त्या हीटपुरतेच खरे असतात. म्हणून बंडलांच्या टॅगवरचे क्रमांक टॅग सुटण्याआधीच लिहून घ्यावेत आणि चलन व सर्टिफिकेट यांच्याशी जुळवावेत. माल व्यापाऱ्याच्या गोदामातून आला असेल तर तिथे निरनिराळ्या हीटची बंडले एकत्र झालेली असू शकतात. चलनावर तीन हीट आणि सर्टिफिकेटे दोनच, असे दिसले तर तिसऱ्या हीटची बंडले वेगळी ठेवावीत. व्यास आणि ग्रेड तोच आहे म्हणून दुसऱ्या हीटचे सर्टिफिकेट तिला चालत नाही.

ताणचाचणीच्या अहवालात पहिल्यांदा क्षेत्रफळ पाहावे. मानकानुसार ते सळईच्या प्रत्यक्ष वजनावरून काढतात. समजा, १६ मि.मी. व्यासाच्या एफई ५००डी सळईचा अर्ध्या मीटरचा तुकडा ०.७७५ किलो भरला. पोलादाच्या घनतेवरून क्षेत्रफळ १९७.५ चौ. मि.मी. येते, नाममात्र क्षेत्रफळ २०१ आहे. ०.२ टक्के प्रूफ भार, म्हणजे सळईत ०.२ टक्के कायमची लांबवाढ घडवणारा भार, ११२ किलोन्यूटन आणि कमाल भार १२६ किलोन्यूटन असेल, तर ताण अनुक्रमे ५६७ आणि ६३८ न्यूटन प्रति चौ. मि.मी. होतात. तुटल्यानंतरची लांबवाढ १८ टक्के धरू.

या ग्रेडला प्रूफ ताण किमान ५००, कमाल ताण किमान ५६५ आणि प्रत्यक्ष प्रूफ ताणाच्या निदान १.१० पट, तर लांबवाढ किमान १६ टक्के लागते. या निकषांवर आपली सळई पास आहे. पण इमारतीची चौकट आयएस १३९२०:२०१६ नुसार भूकंपासाठी आखली असेल, तर कमाल आणि प्रूफ ताणाचे हेच गुणोत्तर किमान १.१५ हवे. इथे ते १.१२५ भरते, म्हणजे या सळया त्या चौकटीच्या खांब-तुळयांत वापरता येणार नाहीत. क्षेत्रफळ कोणतेही घेतले तरी हे गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे क्षेत्रफळ चुकीचे धरले या सबबीलाही जागा उरत नाही.

त्याच मानकात प्रूफ ताणाला वरची मर्यादाही आहे: ठरलेल्या ताणापेक्षा २० टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे इथे ६००. भूकंपात तुळईची टोके आधी नमावीत, खांब नव्हे, असा हिशेब आराखड्यात असतो. तुळईतली सळई अपेक्षेपेक्षा फार बळकट निघाली तर तो उलटतो. सर्टिफिकेटवर प्रूफ ताणाचा ६२० हा आकडा पाहून समाधान मानणारे बरेच असतात. तिथेच खरे तर माल थांबवायला हवा.

आयएस १७८६ च्या निकषात नमुना नापास झाला, तर त्याच लॉटमधून आणखी दोन नमुने घेतात. दोन्ही पास झाले तरच लॉट स्वीकारता येतो.