व्होल्टेज उतरलं की मोटर का तापते?

मे महिन्यात संध्याकाळी नागपुरात घराघरांतले कूलर सुरू झाले, की लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पिठाच्या गिरणीत व्होल्टेज उतरतं. आमच्या गिरणीवाल्या भाऊंचा प्रश्न होता, "मोटर तर नेहमीच्याच स्पीडनं फिरते, मग जळते कशी?" उत्तर त्या स्पीडमध्येच दडलं आहे.

त्यांची मोटर 5 एचपीची, थ्री फेज, 415 व्होल्टची. पाटीवर 1440 आरपीएम आणि 7.5 अँपिअर लिहिलेलं. आत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं आणि रोटर 60 फेऱ्यांनी मागे राहतो. हे मागे राहणं म्हणजे स्लिप, इथे 4 टक्के. रोटर मागे राहतो म्हणूनच त्यात करंट निर्माण होतो आणि जोर, म्हणजे टॉर्क, मिळतो.

आता व्होल्टेज 350 वर आलं असं धरा. क्षेत्र दुबळं झालं आणि त्याच स्लिपला रोटरमधला करंटही तितकाच घटला. टॉर्क या दोघांच्या गुणाकारातून येतो, म्हणून तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरतो. व्होल्टेज 84 टक्के उरलं, तर जोर 71 टक्केच. जात्याला मात्र गहू दळायला पूर्वीइतकाच जोर हवा. मग रोटर आणखी मागे पडतो, स्लिप साधारण 5.6 टक्क्यांवर जाते आणि वेग 1416 होतो. वेगातली घट दोन टक्क्यांहूनही कमी, ती कानाला कळतच नाही.

करंट मात्र 9 अँपिअरच्या जवळ जातो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे वाइंडिंगमध्ये जवळपास 40 टक्के जास्त. सर्वसाधारण मोटर 40 अंशांच्या हवेसाठी बनवलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. इन्सुलेशन सुकून ठिसूळ होतं ते असं. व्होल्टेज 290 पर्यंत खाली गेलं, तर जोर निम्मा होतो. तेव्हा भरलेलं जातं अडखळून थांबू शकतं, आणि थांबलेली मोटर पाटीवरच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते.

जास्त व्होल्टेजही निरुपद्रवी नाही. रात्री भार उतरल्यावर ते 460 झालं, तर लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो. मग रिकामी फिरतानाही मोटर गुणगुणते आणि करंट चढलेला दिसतो.

ओळखायचं साधन एकच, वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा टोंग टेस्टर. व्होल्टेज कमी आणि करंट पाटीपेक्षा जास्त दिसला, तर जास्त करंटला मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले ट्रिप होऊ नये म्हणून त्याची सेटिंग वाढवणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. रिले त्या वेळी खरं तेच सांगत असतो. भाऊंनी दाण्याची झडप थोडी आवळली, धान्य सुमारे सहावा हिस्सा कमी सोडलं, आणि 350 व्होल्टवरही काटा पुन्हा साडेसातच्या आसपास आला.