कॅश ऑन डिलिव्हरीचा परतावा खात्यात का येत नाही

कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरले असतील, तर परतावा आले त्याच वाटेने मागे जातो. रोखीला अशी वाट नसते. त्यामुळे परत केलेली वस्तू विक्रेत्याकडे पोचली तरी तुम्ही खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरेपर्यंत बरेचदा पैसे निघतच नाहीत. पार्सल न्यायला आलेला माणूसही सहसा रोख परत देत नाही. ऑर्डर दारातच, पैसे न देता नाकारली असेल तर परताव्याचा प्रश्नच नाही.

रिटर्न नोंदवताना कुठे पैसे हवेत ते विचारतात. इथे घाई करू नका. 'वॉलेट' म्हणजे पुष्कळदा त्या दुकानापुरतीच जमा रक्कम असते. ती लगेच दिसते, पण सहसा बँकेत वळवता येत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते आयएफएससीवर. हा कोड अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. लोक तिथे इंग्रजी 'ओ' भरतात. दुसरी चूक जुन्या पासबुकाची. आमच्या शेजारच्या काकूंनी पासबुक बघून कोड नीट उतरवला होता, पण त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. देना आणि विजया बँकेचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद आहेत, तसाच हा प्रकार. अ‍ॅपवर 'रिफंड प्रोसेस्ड' दिसत होतं, खात्यात काही नाही. काकू रोज बँकेत खेटे घालत होत्या आणि बँकेला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण पैसे तिथवर गेलेच नव्हते.

त्यांच्यासाठी मी कंपनीकडे एकच गोष्ट मागितली: यूटीआर क्रमांक. बँकेतून ऑनलाइन पाठवलेल्या रकमेचा तो ओळख क्रमांक असतो. तो मिळाला, तर बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. कंपनीला देता येत नसेल, तर पैसे बहुधा निघालेलेच नाहीत किंवा अडकून परत गेले आहेत. काकूंचं तसंच निघालं. चालू चेकबुकावरचा नवा कोड भरला आणि रक्कम जमा झाली.

खाते क्रमांक मात्र दोनदा तपासा. पैसे क्रमांक पाहून जमा होतात, नाव पाहून नाही. चुकीचा आकडा दुसऱ्या कुणाचा खरा खाते क्रमांक असेल तर रक्कम त्याच्याकडे जाते आणि ती परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

मुदत मोजताना लोक पार्सल दिल्याच्या दिवसापासून मोजतात. बऱ्याच ठिकाणी ती विक्रेत्याने वस्तू तपासून स्वीकारल्यापासून सुरू होते. पार्सल नेल्याची पावती म्हणूनच जपून ठेवा. मुदत उलटली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि परतावा देतो म्हणून कुणी यूपीआय पिन मागितला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.