अमरावतीचं पार्सल यवतमाळला जाताना नागपूरला कशाला येतं?

माझ्या मावशीने मागे अमरावतीहून यवतमाळला एक साडी कुरिअर केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन, अरे ट्रॅकिंगमध्ये नागपूर दाखवतंय, चुकलं काहून हे? अमरावती-यवतमाळ रस्त्याने साधारण नव्वद किलोमीटर, आणि नागपूरमार्गे जवळपास तीनशे. म्हणजे साडी तिप्पट फिरली. पण चुकलं काहीच नव्हतं.

समजा अमरावतीतून यवतमाळला रोज ३० पार्सलं जातात आणि गाडीत ३०० मावतात. सरळ पाठवायचं तर दोनच मार्ग, एकतर रोज गाडी नव्वद टक्के रिकामी पळवा (डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार काही रिकाम्या गाडीला कमी लागत नाही), नाहीतर गाडी भरेपर्यंत थांबा, म्हणजे पहिल्या पार्सलला दहा दिवस धूळ खात पडावं लागणार. पण अमरावतीतून सगळ्या गावांना जाणारी पार्सलं एकत्र केली तर गाडी रोज संध्याकाळी भरते आणि सुटते. रात्री नागपूरला येते, तिथे यवतमाळचं, चंद्रपूरचं, गोंदियाचं वेगळं होतं आणि पहाटे प्रत्येक गावाची गाडी भरून परत निघते. रस्त्यावरचे दोन-चार तास वाढले खरे, पण थांबण्याचे दिवस वाचले. आपण किलोमीटर मोजत बसतो, पण पार्सलचा खरा वेळ बहुतेक वेळा गोडाऊनमध्ये पडून राहण्यातच जातो.

आता गंमत अशी की ही आयडिया कुरिअरवाल्यांच्या कितीतरी आधी पोस्टाने वापरली आणि तीही आपल्याच नागपुरात! जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या गावी परत.

याचा हिशोब मी एकदा करून बघितला. चार शहरं म्हणजे सहा जोड्या, सगळ्या सरळ जोडल्या तर हवाई अंतरांची बेरीज सुमारे ८,२७० किलोमीटर होते. दोन्ही दिशांनी विमान पाहिजे, म्हणून रोज रात्री १२ उड्डाणं आणि साडेसोळा हजार किलोमीटर. नागपूरमार्गे मात्र दिल्ली ८५०, मुंबई ६८०, कलकत्ता ९८५, मद्रास ९०५ धरले तर बेरीज ३,४२० आणि जाऊन-येऊन ६,८४०. म्हणजे विमानांचं उडणं निम्म्याहूनही कमी झालं, आणि १२ ऐवजी चारच विमानं पुरली!

पत्राचं काय, तर ते सरासरी १,३८० ऐवजी १,७१० किलोमीटर फिरलं, जवळपास पाव पट जास्त. मद्रास-दिल्ली पत्राला यात फारसं नुकसानच नाही, नागपूर जवळपास वाटेवरच आहे, पण मुंबई-मद्रास पत्राला चांगलाच हेलपाटा, सरळ हजारभर किलोमीटर आणि नागपूरमार्गे जवळपास सोळाशे. तरी ते सकाळीच पोचायचं ना, मग कोणाला काय फरक पडतो! रात्र तशीही झोपेतच जाते.

अमेरिकेत फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसला हेच केलं, पहिल्या रात्री १४ विमानांतून १८६ पार्सलं २५ शहरांना. पार्सल शेजारच्या शहरात जायचं असलं तरी आधी मेम्फिस.

पण हबचं, म्हणजे सगळा माल जिथे गोळा होऊन वाटला जातो त्या जागेचं, दुखणंही तिथेच आहे. सगळं एकाच जागी आणि एकाच वेळी जमतं, त्यामुळे एक गाडी अडकली की प्रश्न पडतो, बाकीच्या गाड्या थांबवायच्या की सोडायच्या. थांबवल्या तर सगळ्या गावांना उशीर, सोडल्या तर त्या एका गाडीतला माल पुढच्या रात्रीपर्यंत हबमध्येच. ट्रॅकिंगमध्ये 'नागपूर हब' असं एकदा सकाळी आलं आणि थेट रात्रीपर्यंत पुढे काहीच हललं नाही, तर समजायचं की तुमच्या पार्सलची पहाटेची गाडी चुकली. दिवाळीच्या आधी तर गाड्या वेळेवर येऊनही हे होतं, कारण मग सॉर्टिंगच पुरं पडत नाही, पहाटेपर्यंत माल वेगळाच होत नाही.

आणि हब कायमचं बरोबर असंही नाही. अमरावती-यवतमाळचीच रोजची ३० पार्सलं वाढत वाढत २५० वर गेली की गाडी एकट्या त्या मार्गावरच भरायला लागते, मग नागपूरला नेणं म्हणजे निव्वळ डिझेल जाळणं आणि वर हबची गर्दी वाढवणं. तेव्हा कंपनी सरळ गाडी टाकते, बाकी गावं हबमधूनच चालू ठेवते. मावशीच्या ट्रॅकिंगमध्ये अजून तरी नागपूर येतंच आहे, म्हणजे यवतमाळला अमरावतीच्या साड्या अजून गाडीभर जात नाहीत.