सप्तपदी आणि विवाहमंत्र (बेळगाव सीमाभाग)

हिंदू विवाहविधीत म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत मंत्रांपैकी ज्यांत वधूवरांचे परस्परांशी नाते प्रत्यक्ष शब्दांत मांडले आहे, असे मंत्र थोडे आहेत. कन्यादानातील प्रश्नोत्तरे, पाणिग्रहणाच्या ऋचा आणि सप्तपदीची सात वाक्ये हे त्यांतले मुख्य. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत हे मंत्र आजही म्हटले जातात, पण पाहुण्यांच्या कानांवर ते फारसे पडत नाहीत. कारण साधे आहे. पत्रिकेवर छापलेली वेळ अक्षतेची असते, ‘अक्षता पडल्या’ म्हणजे लग्न लागले अशी समजूत आहे, आणि त्यानंतर मांडव पंगतीकडे वळतो. होम आणि सप्तपदी त्यानंतर होते. त्या वेळी भटजींभोवती दोन्हीकडचे आईवडील, करवल्या आणि फोटोग्राफर एवढेच उरतात.

सर्वांनी ऐकलेली मंगलाष्टके प्रेमाबद्दल काही सांगत नाहीत. अंतरपाट धरलेला असताना मुख्यतः शार्दूलविक्रीडित वृत्तात म्हटले जाणारे हे श्लोक म्हणजे निव्वळ आशीर्वाद आहेत. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’ या श्लोकात नद्यांची यादी आहे आणि शेवटी ‘कुर्वन्तु वो मंगलम्’, म्हणजे ‘या सर्व तुमचे कल्याण करोत’, एवढीच मागणी. यादीत कावेरी आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र नाही. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ या श्लोकात लक्ष्मीपतीच्या चरणांचे स्मरण हाच खरा मुहूर्त, असे म्हटले आहे. मिनिटाच्या मुहूर्तासाठी नवरदेवाला घोड्यावरून घाईने उतरवणाऱ्या मंडळींनीच हा श्लोक गावा, यात थोडी गंमत आहे.

वचनाचा पहिला स्पष्ट शब्द कन्यादानात येतो, आणि तो वराच्या तोंडी असतो. वधूचा पिता म्हणतो, ‘धर्मे चार्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’. अर्थ असा, की धर्माच्या बाबतीत, पैशाअडक्याच्या बाबतीत आणि कामसुखाच्या बाबतीत तू हिला डावलून जायचे नाहीस. वर उत्तर देतो, ‘नातिचरामि’, डावलत नाही. हे तीनदा होते. काही ठिकाणी ‘मोक्षे च’ हेही जोडतात, पण प्रचलित पाठात तीनच पुरुषार्थ आहेत आणि ते योग्यही वाटते. मोक्ष ज्याचा त्याने मिळवायचा असतो. एकनिष्ठतेची शपथ म्हणता येईल असे वाक्य संपूर्ण विधीत हेच, आणि ते वधूकडून नव्हे, तर वराकडून वदवून घेतले जाते.

याच वेळी म्हटली जाणारी कामस्तुती त्याहून अनपेक्षित आहे. मुलगी स्वीकारताना वर विचारतो, ‘क इदं कस्मा अदात्?’, हे कोणी कोणाला दिले? उत्तर येते, ‘कामः कामायादात्, कामो दाता, कामः प्रतिग्रहीता’. कामानेच कामाला दिले, देणाराही काम आणि घेणाराही कामच. हा मंत्र मुळात लग्नाचा नाही. अथर्ववेदात तो आढळतो आणि मोठ्या वैदिक यज्ञांत दक्षिणा स्वीकारताना म्हणतात. दान घेण्याचा भार स्वतःवर राहू नये, हा त्यामागचा हेतू. लग्नात मात्र त्याला वेगळाच रंग चढतो. बाप देतो आणि जावई घेतो असा व्यवहार चालू असतानाच मंत्र सांगतो, की देणारा बाप नव्हे आणि घेणारा जावईही नव्हे. हे सारे इच्छेने इच्छेला दिले आहे.

पाणिग्रहणाची मुख्य ऋचा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५व्या सूक्तात आहे. सूर्यकन्या सूर्या आणि सोम यांच्या विवाहाचे हे सूक्त ४७ ऋचांचे असून लग्नविधीतील अनेक मंत्र त्यातूनच आले आहेत. ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तं मया पत्या जरदष्टिर्यथासः’, म्हणजे भाग्यासाठी मी तुझा हात धरतो, माझ्यासह तू म्हातारी व्हावीस. हा हात धरायचा कसा, हे ऋग्वेदींच्या आश्वलायन गृह्यसूत्राने, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या नियमग्रंथाने, सांगितले आहे. मुलगेच हवे असतील तर फक्त अंगठा धरावा, मुली हव्या असतील तर बोटे, आणि दोन्ही हवी असतील तर अंगठ्यासह पूर्ण हात. आज सगळेच पूर्ण हात धरतात. पुढे वर म्हणतो, ‘द्यौरहं पृथिवी त्वं, सामाहम् ऋक् त्वम्’, मी आकाश, तू पृथ्वी. मी साम, तू ऋचा. सामवेदातील गाणे ऋचांवरच बांधलेले असते. ऋचा नसेल तर गायचे काय? मंत्राच्या शेवटी दोघांनी एकमेकांना प्रिय असावे, मने प्रसन्न ठेवावीत आणि शंभर शरद जगावे, असे आहे. येथील क्रियापदे द्विवचनी आहेत, म्हणजे मागणे दोघांचे मिळून आहे.

सप्तपदी लाजाहोमानंतर, म्हणजे लाह्यांच्या होमानंतर होते. अग्नीच्या उत्तरेकडे तांदळाच्या सात छोट्या राशी मांडतात, प्रत्येकीवर सुपारी ठेवतात. वर वधूचा हात धरून तिला एकेका राशीवर उजवे पाऊल ठेवायला लावतो. गृह्यसूत्राप्रमाणे ही पावले ‘अपराजिता’ दिशेला, म्हणजे ईशान्येकडे पडावी लागतात. हॉलमधल्या होमकुंडाच्या जागेमुळे प्रत्यक्षात दिशा कशीही येते, आणि एखादे पाऊल फोटोसाठी दुसऱ्यांदाही टाकावे लागते.

आश्वलायनांचा सात पावलांचा पाठ असा आहे: ‘इष एकपदी, ऊर्जे द्विपदी, रायस्पोषाय त्रिपदी, मायोभव्याय चतुष्पदी, प्रजाभ्यः पञ्चपदी, ऋतुभ्यः षट्पदी, सखा सप्तपदी भव’. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धन वाढावे म्हणून, चौथे सुखासाठी, पाचवे मुलाबाळांसाठी, सहावे ऋतूंसाठी. सातव्या पावलाला मागणे थांबते आणि वर म्हणतो, सात पावले चाललेली तू माझा सखा हो. सहा पावलांत संसाराला काय लागते ते सांगून झाले. सातव्यात नाते काय ते सांगितले. ‘सखा’ हे पुल्लिंगी रूप वधूला उद्देशून आहे. त्याची उकल लग्नाबाहेर सापडते. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, हा जुना समज होता, आणि पाणिनीने ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे सूत्रच केले आहे. म्हणजे विवाहाने मैत्रीची एक रूढ रीत उचलली आणि पतिपत्नीच्या नात्याला तिच्यावर उभे केले.

पण लगेच पुढचे वाक्य येते, ‘सा मामनुव्रता भव’, माझ्या व्रताला अनुसरून वाग. येथे मैत्रीतली बरोबरी संपते. पावले वधूची, शब्द वराचे, आज्ञार्थ सगळे तिला उद्देशून. ऋग्वेदी आणि यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचा, या दोन्ही पाठांत हे वाक्य आहे, आणि अर्थ सांगताना बहुतेक जण ते हळूच गाळतात.

यजुर्वेदाच्याच तैत्तिरीय शाखेचा पाठ या बाबतीत उजवा आहे. चित्पावनांतील हिरण्यकेशी घरांत तो म्हणतात, कन्नड बाजूच्या आपस्तंबीयांतही तोच आहे. त्यात प्रत्येक पावलाला ‘विष्णुस्त्वान्वेतु’, विष्णू तुझ्या मागे येवो, असे म्हणतात. सातव्या पावलानंतर येते, ‘सख्यं ते गमेयम्, सख्यात्ते मा योषम्, सख्यान्मे मा योष्ठाः’. तुझी मैत्री मला मिळो, तुझ्या मैत्रीपासून मी तुटू नये, माझ्या मैत्रीपासून तू तुटू नयेस. बंधन दोन्ही बाजूंनी आहे, आणि आधी बांधून घेणारा बोलणारा स्वतःच आहे.

समोर चाललेला पाठ कोणाचा, हे ओळखायचे असेल तर पाचव्या पावलाकडे कान द्यावा. ‘प्रजाभ्यः’ ऐकू आले तर ऋग्वेदी. ‘पञ्च पशुभ्यः’ आले, म्हणजे मुलांऐवजी गुरेढोरे मागितली, तर यजुर्वेदी. त्यातही ‘विष्णुस्त्वान्वेतु’ असेल तर तैत्तिरीय, ‘विष्णुस्त्वा नयतु’ असेल तर पारस्कर गृह्यसूत्रातला माध्यंदिन पाठ.

पत्रिकांमागे आणि व्हिडिओंत जी ‘सप्तपदीची सात वचने’ दिसतात, ‘मला विचारल्याशिवाय खर्च करणार नाही’ वगैरे, ती या पाठांपैकी कशातच नाहीत. ती नंतरच्या श्लोकांतून आणि हिंदी भागातील प्रथेतून आलेली आहेत. टीव्ही मालिकांमुळे अग्नीभोवतीचे सात फेरे म्हणजेच सप्तपदी, असाही घोटाळा होतो. आश्वलायनांच्या विधीत प्रदक्षिणा तीन आहेत आणि सात पावले निराळी. तसेच मंगळसूत्र बांधतानाचा ‘माङ्गल्यं तन्तुनानेन’ हा श्लोक वेदातला नाही आणि गृह्यसूत्रांतही नाही. कन्नड घरांत ‘गट्टिमेळ’ म्हणत वाजंत्री एकदम चढवतात तो क्षण याच श्लोकाचा, आणि तिकडे अक्षताही तेव्हाच पडतात. सूत्रांना हे अमान्य नाही. आश्वलायनांनी विवाहाचा भाग सुरू करतानाच म्हटले आहे, की देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, लग्नात ते पाळावेत.

सीमाभागातील प्रत्येक लग्नात हे मंत्र असतात असे नाही. कोल्हापुरात १८९९ साली शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटल्यावरून जो वाद उठला, त्यामागे मराठा घरांत वेदमंत्र म्हणायचे नाहीत हा जुना दंडक होता. पुराणोक्त विधीत वर दिलेल्या ऋचांच्या जागी साधे श्लोक येतात. सत्यशोधक पद्धतीत भटजी नसतात, वधूवर मराठीत एकमेकांना वचने देतात. वीरशैव लिंगायत विवाहांत तर होम आणि सप्तपदीच नसते. जंगम स्वामींच्या साक्षीने होणारा विधी वेगळा आहे.

कायद्याने या सर्वांना जागा ठेवली आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढ विधींनी विवाह होऊ शकतो. मात्र त्या विधीत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे अशा घरांत अक्षता टाकून पाहुणे पानावर बसतात, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने लग्न अजून लागायचे असते.