कामगिरी सुधारणा योजना (पीआयपी): कोणाला लागू होते, कोणते कागद लागतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीमध्ये 'पीआयपी' हा शब्द ऐकला की माणूस नोकरी गेली असेच समजतो. पुष्कळदा तो कागद त्याच हेतूने लिहिलेलाही असतो. नीट लिहिलेली योजना कशी असते, हे मोल्डिंग विभागातील एका शिफ्ट सुपरवायझरच्या काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

प्रोबेशन संपलेल्या आणि तोंडी सूचना देऊनही काम न सुधारलेल्या कर्मचाऱ्यालाच ही योजना लावावी. गैरवर्तनासाठी ती वापरू नये. त्याचा मार्ग आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशीचा आहे. सही केलेले कामाचे वर्णन, मागील दोन तिमाहींचे रिजेक्शनचे तक्ते, आधीच्या सूचनांच्या तारखांसह नोंदी आणि प्रशिक्षणाची नोंद एवढी कागदपत्रे जोडावीत. कर्मचाऱ्याचा लेखी खुलासाही सोबत हवा.

खरी अडचण मोजमापात येते. 'रिजेक्शन कमी करावे' हे वाक्य अन्यायाचे आहे, कारण धातू थंड ओतल्याने आलेला कोल्ड शट हा मेल्टिंगचा दोष असतो आणि ब्लो होल वाळूतील जादा ओलाव्याने येतो, तसा कोअरमधील वायूनेही येतो. म्हणून या सुपरवायझरच्या नावावर फक्त वाळूमुळे आलेले दोष धरायचे: आज शंभर कास्टिंगमागे 6, पंचेचाळिसाव्या दिवशी 5 आणि नव्वदाव्या दिवशी 4. शिवाय दर दोन तासांनी वाळूचा ओलावा तपासून नोंद करायची. शिफ्टमधल्या चारही नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या आणि प्रत्येक ठिकाणी 3.5 टक्केच दिसत असतील, तर त्या शिफ्ट संपताना भरल्या आहेत हे ओळखावे.

कंपनीची बाजूही तारखेसह लिहावी. ओलावा मापक बंद असेल तर तो दुरुस्त झाल्यावरच नव्वद दिवस मोजायला सुरुवात करावी, आणि पहिल्या पंधरवड्यात तीन दिवस सँड लॅबमध्ये प्रशिक्षण द्यावे. योजना 1 जुलैला सुरू होत असेल तर तुलना फेब्रुवारीशी नको, गेल्या जुलैशी करावी. आपल्याकडच्या पावसात उघड्यावरची नवी वाळू ओलीच येते. 2019 आणि 2021 सारखा पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तर ते दिवस मुदतीत वाढवून द्यावेत.

आढावा 15 जुलै, 30 जुलै, 14 ऑगस्ट, 29 ऑगस्ट आणि 13 सप्टेंबर रोजी घ्यावा, अंतिम आढावा 28 सप्टेंबरला. प्रत्येक वेळी आकडे, अडचणी आणि कंपनीकडून राहिलेली कामे लिहून एक प्रत कर्मचाऱ्याला द्यावी. त्याच्या सहीखाली 'प्रत मिळाली' असे छापावे, 'मान्य' असे नाही.

लक्ष्य गाठले तर योजना बंद केल्याचे पत्र त्याच आठवड्यात द्यावे. थोडक्यात हुकले आणि आकडे उतरत असतील, तर एकदाच तीस दिवसांची मुदतवाढ द्यावी. तरीही जमले नाही, तर दुसऱ्या कामावर बदलीचा विचार आधी करून तो लेखी नोंदवावा, आणि सेवा संपवण्याची वेळ आलीच तर नोटीस व देय रकमांबाबत कामगार कायद्याच्या सल्लागाराला कागद दाखवूनच पत्र काढावे.