पॅकेजचं बटण नेमकं कुणासाठी बनलं होतं? लेयर, लिंक आणि फॉन्टची पार्श्वभूमी

दुसऱ्या डिझायनरला फाइल द्यायची म्हटलं की आपण काय करतो, इनडिझाइन उघडून पॅकेज मारतो, म्हणजे फाइल, तिची चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करतो, तो फोल्डर झिप करतो आणि लिंक पाठवून मोकळे. मग तासाभरात समोरून फोन येतो की बाबा यात कुठला लेयर काय आहे, आणि तो इंग्रजी मजकूर कुठे गेला. पॅकेज तर बरोबर झालेलं असतं, एकही एरर नाही. मग घोडं अडतं कुठे? तर हे बटण मुळात डिझायनरसाठी बनलेलंच नाही, ते छपाईकडे जाणाऱ्या फाइलसाठी बनलं. त्याचा इतिहास बघितला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

कॉम्प्युटरच्या आधी आर्टवर्क म्हणजे जाड पांढरा बोर्ड. त्यावर ब्रोमाइडवर निघालेला मजकूर कापून रबर सोल्युशनने चिकटवायचा आणि दुसरा रंग असेल तर वरून पारदर्शक शीट टाकून एका कडेला टेप लावायची. त्या शीटवर दुसऱ्या रंगात छापायचं तेवढंच, आणि खालच्या बोर्डशी जुळवायला कोपऱ्यांत रजिस्ट्रेशनच्या खुणा. तिसरा रंग असला की अजून एक शीट. प्रत्येक शीटच्या मार्जिनमध्ये लिहावंच लागायचं, की ही शीट लाल १००%, ही निळी ३०%, कारण शीटवरचं सगळं काळंच असायचं (किंवा रुबीलिथची लाल फिल्म, ती कॅमेऱ्याला काळीच दिसते), त्यामुळे लिहिलं नाही तर प्रोसेसवाल्याला कळणार कसं? फोटो बोर्डवर चिकटवायचे नाहीत, तिथे फक्त चौकट आखून जागेपुरती झेरॉक्स लावायची आणि मूळ ट्रान्सपरन्सी नंबर घालून वेगळ्या पाकिटात द्यायची. थोडक्यात लेयरला नाव देणं, लेयरचा क्रम लावणं आणि चित्र बाहेर ठेवून त्याचा फक्त उल्लेख करणं, या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहेत.

१९८५ मध्ये पेजमेकर आला, १९८७ मध्ये क्वार्क. हळूहळू रंग फाइलमध्येच सांगता यायला लागला, सेपरेशन मशीनच करायचं, त्यामुळे शीटवर नाव लिहायची गरज संपली. पुढे १९९४ मध्ये फोटोशॉप ३ मध्ये लेयर आले ते वेगळ्याच कारणाने, एक भाग हलवताना खालचा बिघडू नये म्हणून. म्हणजे लेयर ही आता करणाऱ्याची खाजगी सोय झाली, प्लेटवर त्याचं नाव कधी उमटत नाही, प्रेसला त्याचं काही देणंघेणं नाही. माझ्या मते लेयरना 'Layer 14 copy 2' अशी निरर्थक नावं राहू देण्याच्या रोगाचं मूळ इथेच आहे. ज्याला नाव वाचायची गरज होती तो माणूस साखळीतूनच गेला.

चित्रांचं मात्र उलटं झालं, बाहेर ठेवण्याची सवय अजून पक्की झाली आणि त्याला कारण निव्वळ डिस्कची साइज. ए४ पानभर फोटो ३०० डीपीआयला म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, सीएमवायके म्हणून प्रत्येकी चार बाइट, झाले साधारण ३५ एमबी. फ्लॉपी १.४४ एमबीची. फिल्म काढून देणाऱ्या ब्युरोत फाइल न्यायला सायक्वेस्टची जी काट्रिज होती ती ४४ एमबीची, म्हणजे एका काट्रिजमध्ये असा एक फोटो. म्हणून फाइलमध्ये फक्त छोटा प्रिव्ह्यू आणि खऱ्या चित्राचा पत्ता. ओपीआय पद्धतीत तर मोठं स्कॅन ब्युरोकडेच राहायचं, डिझायनरला हलकी कॉपी मिळायची आणि आउटपुटच्या वेळी नावावरून अदलाबदल व्हायची. मध्येच कुणी फाइलचं नाव बदललं की जुळणी तुटली, आणि फिल्मवर ती हलकीच, दाणे दिसणारी इमेज.

फॉन्टची भानगड पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेमुळे. टाइप १ फॉन्टच्या दोन फाइली असायच्या, एक स्क्रीनसाठी, एक प्रिंटरसाठी. स्क्रीनवाली दिली आणि प्रिंटरवाली विसरली तर तुमच्याकडे सगळं छान दिसायचं आणि ब्युरोत मजकूर कुरिअर फॉन्टमध्ये निघायचा. क्वार्कचं कलेक्ट फॉर आउटपुट सुरुवातीला चित्रं गोळा करून यादी द्यायचं, फॉन्ट मात्र आपल्यालाच शोधून टाकायला लागायचे. १९९९ ला इनडिझाइन आलं तेव्हा फाइल तपासणारं प्रीफ्लाइट आणि सगळं गोळा करणारं पॅकेज सोबतच होतं.

आपल्याकडे मराठीत यात अजून एक वळण आहे. युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टचं एन्कोडिंग वेगळं, आणि अक्षरं बसवलेली रोमन अक्षरांच्या जागी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्यावर प्रेसने सोपा उपाय काढला, कोरलमध्ये कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करून द्या. प्रेससाठी एकदम बरोबर, पण तीच कर्व्ह फाइल पुढच्या डिझायनरकडे गेली की एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ करायलाही अख्खी ओळ परत टाइप करा. म्हणून कर्व्ह प्रेसला द्या, डिझायनरला जिवंत मजकुराची फाइल लागते.

आता एक उदाहरण घेऊ. तीन घड्यांचं ब्रोशर, मराठी आणि इंग्रजी एकाच इनडिझाइन फाइलमध्ये दोन लेयरवर, फोटो आणि लोगो दोन्हीत तेच. वरून खाली क्रम असा ठेवायचा: सूचना, घडीच्या रेषा, मजकूर_मराठी, मजकूर_इंग्रजी, लोगो, फोटो, बॅकग्राउंड. सूचना आणि घडीच्या रेषा या लेयरना प्रिंट बंद. मजकूर वर ठेवण्यामागे टापटीप हे कारण नाही, तो सावली असलेल्या फोटोच्या खाली गेला आणि पीडीएफ एक्स-१ए काढली तर ट्रान्सपरन्सी फ्लॅटन होताना सावलीखालची अक्षरं पिक्सेल किंवा आउटलाइन होतात, मग एकाच परिच्छेदात काही शब्द जाड दिसतात. प्रूफवर असं दिसलं की आधी लेयरचा क्रम बघा.

मग पॅकेज. समजा इंग्रजी लेयर बंद आहे. डायलॉगमध्ये एक चौकट असते, Include Fonts and Links From Hidden and Non-Printing Content. ती टिक केली नाही तर फक्त दिसणाऱ्या आणि छापल्या जाणाऱ्या गोष्टींचेच फॉन्ट आणि चित्रं गोळा होतात. प्रेसला दुसरं काही नकोच असतं म्हणा. पण समोरचा डिझायनर इंग्रजी लेयर चालू करतो आणि फॉन्ट मिसिंग. फोन आला तो यासाठीच. दुसरी मेख लोगोची. इलस्ट्रेटरची फाइल प्लेस केलेली असते आणि तिच्या आत अजून एखादं लिंक केलेलं चित्र, ते Links फोल्डरमध्ये येत नाही. छपाई व्यवस्थित होते कारण एआय फाइलच्या पीडीएफ भागात ते चित्र असतंच, पण लोगो एडिट करायला उघडला की लिंक सापडत नाही. तर ती फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडून वेगळी पॅकेज करायची. आणि अडोबी फॉन्ट्सवरून ॲक्टिव्ह केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये कॉपी होतच नाहीत, त्यांची नावं सूचना लेयरवर लिहा, समोरचा त्याच्या अकाउंटवरून घेईल.

जुनी पॅकेज सांभाळून ठेवलेल्यांनी अजून एक बघावं. जानेवारी २०२३ पासून अडोबीने इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये टाइप १ फॉन्टचा सपोर्ट काढला, फोटोशॉपमध्ये तर त्याआधीच गेला होता. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा फोल्डर अगदी पूर्ण असला, त्यातले फॉन्ट शाबूत असले, तरी फाइल उघडताना फॉन्ट मिसिंगच म्हणणार. त्याच फोल्डरमध्ये तेव्हाची पीडीएफ असेल तर तिच्यात एम्बेड झालेला टाइप १ अजूनही नीट दिसतो, मग ती शेजारी उघडून नवीन फॉन्टने ओळी जुळवत बसायचं.